मुंबईच्या वर्तुळाखाली दडलेली शहरे

शहरवार विक्रीच्या बबल नकाशात प्रत्येक शहराच्या जागी एक वर्तुळ असते आणि त्या वर्तुळाचा आकार तिथल्या विक्रीच्या प्रमाणात ठरतो. कल्पना जुनी आहे. हेन्री ड्रुरी हार्नेस या ब्रिटिश लष्करी अभियंत्याने १८३७ साली आयर्लंडच्या रेल्वे आयोगासाठी नकाशे तयार केले, त्यात शहरांची लोकसंख्या लहान-मोठ्या वर्तुळांनी दाखवली होती. पुढे फ्रान्समध्ये शार्ल जोसेफ मिनार याने पॅरिसला येणाऱ्या मांसाच्या जनावरांचा नकाशा अशाच वर्तुळांनी मांडला. आज हेच काम संगणकावर दहा ओळींत होते, आणि म्हणूनच त्यात काय ठरवायचे असते याकडे सहसा कुणाचे लक्ष जात नाही.

विक्रीसाठी हा प्रकार निवडण्यामागे ठोस कारण आहे. शाळेच्या भूगोलात शिकवल्या जाणाऱ्या क्षेत्रघनी नकाशात जिल्हाच्या जिल्हा एका छटेने रंगवला जातो. त्यात अहिल्यानगर जिल्हा सुमारे १७,००० चौरस किलोमीटर जागा व्यापतो, तर मुंबई शहर आणि उपनगर हे दोन्ही जिल्हे मिळून जेमतेम ६०० चौरस किलोमीटर. विक्री मात्र जमिनीच्या विस्तारावर अवलंबून नसते. अशा नकाशावर नजर पहिल्यांदा मोठ्या जिल्ह्यांकडे जाते आणि जिथे सर्वाधिक पैसा येतो तो ठिपका पुसट राहतो. वर्तुळामुळे ही अडचण सुटते. विक्रीचा आकार जिल्ह्याच्या आकारापासून सुटा होतो. पण त्याच क्षणी दुसरी अडचण उभी राहते: जमिनीपेक्षा मोठे झालेले वर्तुळ शेजारच्या जमिनीवर पसरते. जिथे मोठी शहरे एकमेकांना खेटून आहेत तिथे ही वर्तुळे एकमेकांवर चढतात. वर्तुळ किती मोठे काढायचे आणि गर्दीत काय करायचे हे दोन वेगळे प्रश्न वाटतात. प्रत्यक्षात तो एकच निर्णय आहे, आणि पहिल्याचे उत्तर देतानाच दुसऱ्याचे निम्मे उत्तर दिले जाते.

हे समजून घेण्यासाठी महाराष्ट्राइतके चांगले उदाहरण नाही. समजा, एका मसाला कंपनीला राज्यातली वार्षिक विक्री दाखवायची आहे. हिशेब सोपा व्हावा म्हणून आकडे मुद्दाम गोळाबेरजेचे, कल्पित घेतले आहेत. मुंबई १,६०० लाख रुपये, पुणे ९००, ठाणे ४००, नागपूर ४००, पिंपरी-चिंचवड, नवी मुंबई आणि नाशिक प्रत्येकी २२५, कल्याण १००, वसई-विरार १००, डोंबिवली ६४, उल्हासनगर ४९, भिवंडी ३६ आणि पनवेल २५ लाख. बाकीची शहरे सध्या बाजूला ठेवू.

पहिली पायरी शहरांना अक्षांश-रेखांश देण्याची. ती यांत्रिक वाटते, पण नकाशातल्या सगळ्यात ठळक चुका इथेच होतात. अक्षांश आणि रेखांश यांची अदलाबदल झाली तर मुंबई नॉर्वेच्या उत्तरेला समुद्रात जाते. ज्या शहरांचे निर्देशांक सापडले नाहीत त्यांच्या जागी शून्य भरले गेले तर ती सगळी आफ्रिकेच्या पश्चिमेला, गिनीच्या आखातात जमा होतात. या दोन्ही चुका लगेच डोळ्यांत भरतात, कारण नकाशा एकदम जगाएवढा होतो. लपून राहणाऱ्या चुका वेगळ्या असतात. नुसते ‘औरंगाबाद’ असे नाव शोधले तर बिहारमधले औरंगाबाद मिळू शकते. त्यातच जुन्या नोंदींमध्ये औरंगाबाद आणि नव्या नोंदींमध्ये छत्रपती संभाजीनगर असेल, तर एकाच शहराची विक्री दोन वर्तुळांत विभागली जाते आणि दोन्ही वर्तुळे खऱ्यापेक्षा लहान दिसतात. म्हणून नावाबरोबर राज्य आणि जिल्हा द्यावा लागतो, आणि शहरांची एक निश्चित यादी आधी करून घ्यावी लागते.

मुंबईचा बिंदू कुठे ठेवायचा हाही प्रश्न आहे. फोर्टमध्ये ठेवला तर तो शहराच्या दक्षिण टोकाला जातो, कुर्ल्याच्या आसपास ठेवला तर मध्यभागी येतो. दोन्हींत पंधरा-सतरा किलोमीटरचे अंतर आहे आणि राज्याच्या नकाशावर हे अंतर शेजारच्या शहरांशी होणाऱ्या गर्दीत फरक पाडते. भिवंडीचे प्रकरण आणखी वेगळे. तिथे गोदामांची मोठी वस्ती आहे. बिले गोदामाच्या पत्त्यावर फाडली जात असतील तर भिवंडीचे वर्तुळ तिथल्या स्वयंपाकघरांबद्दल काहीच सांगत नाही, ते फक्त माल कुठून निघाला एवढेच सांगते. नकाशा काढणाऱ्याने ‘विक्री’ म्हणजे बिलाचा पत्ता की माल उतरल्याचा पत्ता, हे हिशेबखात्याकडून आधी विचारून घेतलेले बरे.

आता आकार. आकडा वर्तुळाच्या क्षेत्रफळात दिसला पाहिजे, त्रिज्येत नव्हे. त्रिज्या दुप्पट केली की क्षेत्रफळ चौपट होते. दुप्पट रुंदीच्या भाकरीला चौपट पीठ लागते तसेच. म्हणून त्रिज्या आकड्याच्या वर्गमुळाच्या प्रमाणात घ्यायची. मुंबईची विक्री १,६०० असेल तर वर्गमूळ ४०, पुण्याचे ३०, ठाणे आणि नागपूरचे २०, नवी मुंबई, नाशिक आणि पिंपरी-चिंचवडचे १५, कल्याणचे १०, पनवेलचे ५. हेच आकडे पिक्सेलमधली त्रिज्या म्हणून घेतले तर मुंबईची विक्री पनवेलच्या ६४ पट आणि मुंबईचे वर्तुळही क्षेत्रफळाने ६४ पट, त्रिज्येने ८ पट. त्याऐवजी त्रिज्याच आकड्याच्या प्रमाणात घेतली असती तर मुंबईची त्रिज्या ४० असताना पनवेलची पाऊण पिक्सेलसुद्धा भरली नसती आणि क्षेत्रफळातला फरक चार हजार पटींच्या पुढे गेला असता. नकाशा पाहणाऱ्याला वाटले असते की मुंबईबाहेर मसाला विकलाच जात नाही.

यात एक बारकावा आहे. माणसाचा डोळा क्षेत्रफळ अचूक मोजत नाही. मोठे वर्तुळ आहे त्यापेक्षा थोडे लहान वाटते. जेम्स फ्लॅनरी या नकाशातज्ज्ञाने प्रयोगांवरून १९७१ साली यावर एक दुरुस्ती मांडली: वर्गमुळाऐवजी, म्हणजे ०.५ घाताऐवजी, सुमारे ०.५७ घात घ्यावा. तसे केले तर मुंबईची त्रिज्या पनवेलच्या ८ पट न राहता जवळपास १०.८ पट होते. QGIS या मुक्त नकाशाप्रणालीत वर्तुळांचा आकार ठरवताना `Flannery` हा पर्याय तयार मिळतो. पण तो वापरावा की नाही याबद्दल मतभेद आहेत आणि गर्दीच्या नकाशात तो न वापरण्याकडे कल असलेला बरा. कारण तो मोठ्या वर्तुळांना आणखी मोठे करतो, आणि मोठी वर्तुळेच गर्दीचे मूळ असतात. सूची नीट दिली आणि महत्त्वाच्या वर्तुळांवर आकडा लिहिला तर दुरुस्तीचे काम त्यातून होते.

लॉगॅरिदम वापरून आकार ठरवण्याचा मोह मात्र टाळायलाच हवा. त्याने लहान शहरे ठळक होतात, गर्दी कमी झाल्यासारखी वाटते, पण मुंबई आणि पनवेल यांच्यातला ६४ पटींचा फरक दुपटीच्या आसपास दिसू लागतो. वर्तुळाचा आकार पाहून कुणीही मनातल्या मनात लॉग काढत नाही.

सॉफ्टवेअर यातले काही आपोआप करते, काही करत नाही, आणि प्रत्येकाची रीत वेगळी. मॅटप्लॉटलिबमध्ये `scatter` ला दिलेला `s` हा आकडा क्षेत्रफळाशी जोडलेला असतो, व्यास त्याच्या वर्गमुळाएवढा येतो. त्यामुळे तिथे विक्रीचा आकडा एका स्थिरांकाने गुणून सरळ द्यायचा. ‘वर्गमूळ घ्यायचे असते’ हे अर्धवट लक्षात ठेवून आधीच वर्गमूळ काढून दिले तर ते दोनदा निघते आणि ६४ पटींचा फरक क्षेत्रफळात अवघा ८ पट उरतो. प्लॉटलीच्या मूळ आज्ञांमध्ये उलट आहे. तिथे `sizemode` काही न सांगितल्यास `diameter` धरला जातो, म्हणजे आकडा व्यासाला जातो. `area` असे स्पष्ट लिहावे लागते. आर भाषेतल्या जीजीप्लॉटची `scale_size` तर सर्वांत लहान आकड्याला १ आणि सर्वांत मोठ्याला ६ असा आकार देते, मग आकडे काहीही असोत. सगळ्या शहरांची विक्री ९०० ते १,००० लाखांच्या मध्ये असली तरी एक वर्तुळ दुसऱ्याच्या सहापट रुंद निघते. शून्याला शून्य आकार हवा असेल तर तिथे `scale_size_area` वापरायची. एक्सेलच्या बबल आलेखातही आकडा क्षेत्रफळाला द्यायचा की रुंदीला, असे दोन पर्याय असतात.

कुठलेही साधन असो, तपासणी एकच. एकाची विक्री दुसऱ्याच्या चौपट आहे अशी दोन शहरे घ्यायची, इथे मुंबई आणि ठाणे, आणि पडद्यावर पट्टी लावून व्यास मोजायचे. मोठा व्यास लहानाच्या बरोबर दुप्पट आला तर मापन बरोबर आहे. चौपट आला तर आकडा त्रिज्येला गेला आहे, दीडपटीच्या आसपास आला तर वर्गमूळ दोनदा निघाले आहे.

मापन बरोबर झाले तरी नकाशा अजून वाचता येत नाही. महाराष्ट्राची पूर्व-पश्चिम लांबी ८०० किलोमीटरच्या पुढे आहे. सुमारे ९०० पिक्सेल रुंदीच्या चित्रात तो बसवला तर साधारण एका पिक्सेलला एक किलोमीटर पडतो. म्हणजे मुंबईच्या ४० पिक्सेल त्रिज्येच्या वर्तुळाने ४० किलोमीटरचा परिसर झाकला. ठाणे मुंबईच्या बिंदूपासून सरळ रेषेत सुमारे १९ किलोमीटर, नवी मुंबईतले वाशी १३, पनवेल २६, डोंबिवली २७, भिवंडी ३१, कल्याण ३२, उल्हासनगर ३३ आणि वसई-विरार ३५ किलोमीटर. आठही शहरांचे बिंदू मुंबईच्या वर्तुळाच्या आत येतात. ठाण्याचे वर्तुळ २० पिक्सेल त्रिज्येचे, तेही पूर्णपणे आत मावते. कल्याण आणि वसई-विरार यांची कड तेवढी बाहेर डोकावते. पुण्याकडेही तीच गोष्ट: पिंपरी-चिंचवडचा बिंदू पुण्यापासून सुमारे १४ किलोमीटरवर, त्याची त्रिज्या १५, आणि १४ अधिक १५ म्हणजे २९, जे पुण्याच्या ३० पेक्षा कमी आहे. पिंपरी-चिंचवड नकाशावरून नाहीसे होते. मुंबईखाली दडलेल्या आठ शहरांची विक्री मिळून ९९९ लाख, म्हणजे पुण्याहून जास्त, हे ध्यानात घेतले की नुकसान किती मोठे ते कळते.

यावर पहिला उपाय अगदी स्वस्त आहे आणि तो कधीही वगळू नये: मोठी वर्तुळे आधी काढायची, लहान नंतर. बहुतेक साधने यादीतल्या क्रमाने काढत जातात. यादी नावाच्या अकारविल्हे क्रमाने असेल तर मुंबई ठाण्याच्या नंतर येऊन त्यावर बसणार की आधी, हे वर्णमाला ठरवते. उतरत्या क्रमाने लावली की लहान वर्तुळ नेहमी वर राहते. त्याबरोबर प्रत्येक वर्तुळाला पातळ पांढरी कड द्यायची आणि आतला रंग थोडा पारदर्शक ठेवायचा.

```python
df = df.sort_values("sales", ascending=False)
k = 60**2 / df["sales"].max()
ax.scatter(df["lon"], df["lat"], s=k * df["sales"],
           alpha=0.6, edgecolors="white", linewidths=0.8)
```

इथे ६० म्हणजे सर्वांत मोठ्या वर्तुळाचा व्यास, पॉइंट या एककात. पारदर्शकतेपेक्षा कड जास्त उपयोगी पडते, हे नकाशा छापून पाहिल्यावर लक्षात येते. ६० टक्के गडद असलेली दोन वर्तुळे एकमेकांवर आली की तो भाग ८४ टक्के गडद होतो, तिसरे आले की ९३ टक्क्यांच्या पुढे जातो. मग डोंबिवली आणि कल्याण यांच्यामधला काळपट तुकडा वाचकाला ‘इथे विक्री फार’ असे सांगू लागतो, जे खोटे आहे. तो तुकडा फक्त दोन कडांचा अपघात आहे. रंगाने दुसरी काही गोष्ट दाखवायची असेल, उदाहरणार्थ गेल्या वर्षीपेक्षा वाढ की घट, तर पारदर्शकता जवळपास सोडूनच द्यावी लागते, कारण हिरव्यावर तांबडे चढले की तिसराच रंग तयार होतो आणि तो सूचीत कुठेच नसतो.

दुसरा उपाय सगळी वर्तुळे एकाच प्रमाणात लहान करण्याचा. तो किती दूर नेतो हे मोजता येते. कल्याण आणि उल्हासनगर यांचे बिंदू सुमारे चार किलोमीटरवर आहेत आणि त्यांच्या त्रिज्यांची बेरीज १७. ती एकमेकांपासून सुटी व्हायची तर सगळ्या त्रिज्या साधारण ०.२३ पटींवर आणाव्या लागतील. तसे केले की मुंबईची त्रिज्या ९ पिक्सेल, नागपूरची साडेचार आणि पनवेलची एक पिक्सेलहून किंचित जास्त. आता कुणीच कुणावर चढत नाही, पण विदर्भ आणि मराठवाड्यातली शहरे शाईच्या डागांसारखी उरतात आणि निम्मे राज्य रिकामे वाटते. एका कोपऱ्यातल्या चार किलोमीटरसाठी आठशे किलोमीटरचा नकाशा लहान केला जातो. उलट त्रिज्या निम्म्या केल्या, मुंबई २०, पुणे १५, ठाणे १०, पनवेल अडीच, तर बरेच काम भागते. पिंपरी-चिंचवडचे वर्तुळ पुण्यातून जवळपास निम्मे बाहेर येते, ठाणेही निम्मे दिसू लागते, कल्याण आणि डोंबिवली मुंबईपासून सुटतात, पनवेल पाच पिक्सेल रुंद असल्याने दिसते. मुंबई-नवी मुंबई आणि कल्याण-डोंबिवली-उल्हासनगर ही गर्दी मात्र तशीच राहते. आकाराने जेवढे सुटू शकते तेवढे इथे सुटले. उरलेल्यासाठी जागाच मोठी करावी लागते.

जागा मोठी करण्याचा रूढ मार्ग म्हणजे उपनकाशा. मुंबई महानगर परिसर वेगळा, मोठ्या प्रमाणावर काढायचा. वर्तुळांचे माप मात्र मुख्य नकाशातलेच ठेवायचे. यातच सगळी किमया आहे: जमीन ताणली जाते, वर्तुळे ताणली जात नाहीत. निम्म्या त्रिज्या धरल्या तर एका किलोमीटरला अडीच पिक्सेल एवढा ताण पुरतो. कल्याण-उल्हासनगर अंतर साडेनऊ पिक्सेलच्या आसपास होते आणि त्यांच्या त्रिज्यांची बेरीज साडेआठ. मुंबई-वाशी अंतर तीसच्या वर जाते, बेरीज साडेसत्तावीस. सगळी नऊ वर्तुळे मोकळी होतात आणि उपनकाशा दोनशे पिक्सेलच्या चौकोनात सहज मावतो. महाराष्ट्राच्या बाबतीत जागाही तयार आहे. राज्याच्या आकृतीत नांदेड-गडचिरोलीच्या खाली, तेलंगणाच्या बाजूला मोठा रिकामा कोपरा उरतो. उपनकाशा आणि सूची दोन्ही तिथे बसतात.

मुख्य नकाशावर त्या नऊ शहरांचे काय करायचे, हा पुढचा प्रश्न. ती तशीच ठेवली तर वाचक तीच विक्री दोनदा मोजतो. त्यापेक्षा मुख्य नकाशावर नऊ शहरांचे मिळून २,५९९ लाखांचे एकच वर्तुळ काढावे, निम्म्या मापाने सुमारे साडेपंचवीस पिक्सेल त्रिज्येचे, त्यावर ‘मुंबई महानगर’ असे लिहावे आणि त्याचे तुकडे उपनकाशात दाखवावेत. पण इथे एक पथ्य आहे. एका ठिकाणी शहरे एकत्र केली तर दुसरीकडेही तोच नियम लावला पाहिजे. मुंबई नऊ शहरांची आणि पुणे एकट्याचे, अशी तुलना पुण्यावर अन्याय करते. पुणे आणि पिंपरी-चिंचवड मिळून १,१२५ लाख होतात. तेही एक वर्तुळ करायला हवे. कोल्हापूर-इचलकरंजी, सांगली-मिरज यांचे काय, हेही तेव्हाच ठरवायचे. नियम कोणता याला फारसे महत्त्व नाही, तो सगळीकडे सारखा असणे आणि नकाशाखाली एका ओळीत लिहिलेला असणे आवश्यक आहे.

उपनकाशाला जागा नसेल तर वर्तुळे सरकवण्याचा मार्ग उरतो. डी३ या जावास्क्रिप्ट ग्रंथालयात त्यासाठी सोय आहे: `forceX` आणि `forceY` मुळे प्रत्येक वर्तुळ आपल्या मूळ बिंदूकडे ओढले जाते आणि त्याच वेळी `forceCollide` मुळे शेजाऱ्याला ढकलते, असे काही फेऱ्या चालल्यावर कुणीच कुणावर चढत नाही. ब्रिटिश भूगोलतज्ज्ञ डॅनी डॉर्लिंग याने १९९०च्या दशकात हाच विचार टोकाला नेऊन संपूर्ण देश नुसत्या चिकटलेल्या वर्तुळांत मांडला. तिथे सीमारेषाच राहत नाहीत. शहरांच्या विक्रीसाठी एवढे टोक गाठायची गरज नसते. पण संगणकाला मोकळे सोडले तर तो दिशांची पर्वा करत नाही. डोंबिवली कल्याणच्या पूर्वेला जाऊन बसते आणि त्या भागात रोज लोकलने फिरणाऱ्या विक्री प्रतिनिधीचा नकाशावरचा विश्वास तिथेच उडतो. सरकवल्यानंतर प्रत्येक जोडीची पूर्व-पश्चिम आणि उत्तर-दक्षिण दिशा पूर्वीसारखीच आहे का, हे तपासून घ्यावे लागते, आणि जे वर्तुळ बरेच सरकले त्याच्यापासून मूळ बिंदूपर्यंत बारीक रेघ द्यावी लागते.

हाताने काम करणारा नकाशाकार इथे वेगळी युक्ती करतो. लहान आठ शहरे हलवण्यापेक्षा तो एकटी मुंबई हलवतो. पश्चिमेला अरबी समुद्र मोकळाच आहे. मुंबईचे वर्तुळ पंचवीस-तीस किलोमीटर समुद्रात ओढले, रेघेने किनाऱ्याशी जोडले, की ठाण्यापासून पनवेलपर्यंतची शहरे आपापल्या खऱ्या जागी उघडी पडतात. एक वर्तुळ खोट्या जागी आणि आठ खऱ्या जागी, हा सौदा आठ खोट्या आणि एक खऱ्यापेक्षा केव्हाही चांगला. कल्याण-डोंबिवली-उल्हासनगरची चढाओढ राहते, ती पांढऱ्या कडेने निभावते. पुण्याच्या बाजूला समुद्र नाही, तिथे ही युक्ती चालत नाही.

बिंदू थोडेसे इकडेतिकडे विस्कटण्याची सांख्यिकीतली पद्धत मात्र इथे बाद आहे. एकाच जागी साचलेल्या शेकडो बिनचेहऱ्याच्या नोंदींसाठी ती ठीक. शहराला नाव आणि पत्ता असतो.

पडद्यावरच्या, मोठा-लहान करता येणाऱ्या नकाशात ताण देण्याचे काम वाचक स्वतः करतो. प्रत्येक पायरीला अंतरे दुप्पट होतात. वर्तुळांचे माप पिक्सेलमध्ये असेल तर दोन पायऱ्यांत मुंबईची गर्दी आपोआप फुटते, उपनकाशासारखीच. पण माप मीटरमध्ये दिले असेल तर वर्तुळेही जमिनीबरोबर दुप्पट होत जातात आणि कितीही आत गेले तरी ठाणे मुंबईखालीच राहते. लीफलेटमध्ये हा फरक दोन नावांत आहे: `L.circleMarker` ची त्रिज्या पिक्सेलमध्ये, `L.circle` ची मीटरमध्ये. आत गेल्यावरही वर्तुळे एकमेकांवरून हटत नाहीत असे दिसले तर आधी हे नाव पाहावे.

त्याच लीफलेटवर बसणारे `Leaflet.markercluster` हे जोडसाधन जवळचे बिंदू एकत्र गोळा करून एक ठिपका दाखवते. गर्दी पाहून अनेक जण लगेच त्याच्याकडे वळतात. पण त्या ठिपक्यावरचा आकडा, वेगळे काही सांगितले नाही तर, किती बिंदू गोळा झाले तो असतो. विक्रीची बेरीज नव्हे. मुंबई परिसरावर ‘९’ आणि एकट्या नागपूरजवळच्या लहान गावांच्या पुंजक्यावर ‘१२’ असे दिसले तर नकाशा सरळ उलटे सांगतो. बेरीज दाखवायची तर `iconCreateFunction` मध्ये प्रत्येक बिंदूची विक्री मिळवून त्याच्या वर्गमुळावरून ठिपक्याचा आकार ठरवावा लागतो. शिवाय हे गट पडद्यावरच्या अंतरावरून पडतात, त्यामुळे एक पायरी आत-बाहेर गेले की गटही बदलतात. बैठकीत दोघांनी वेगवेगळ्या पायरीवर नकाशा उघडला असेल तर दोघे वेगळ्याच वर्तुळांबद्दल बोलत असतात.

शेवटी सूची. मोठ्या वर्तुळात लहान, सगळ्यांचा तळ एका रेषेवर, अशी तीन वर्तुळे पुरतात: १,६०० लाख, ४०० लाख आणि १०० लाख. ती मुख्य नकाशाच्याच मापात असली पाहिजेत. चित्र लहान-मोठे करताना सूची वेगळी चिकटवलेली असेल तर हे हमखास चुकते. महिनावार नकाशे करताना सर्वांत मोठ्या वर्तुळाचा आकडा सगळ्या महिन्यांसाठी एकच ठरवून ठेवावा. नाहीतर बहुतेक साधने प्रत्येक महिन्याच्या सर्वांत मोठ्या आकड्याला तोच आकार देतात. दिवाळीच्या महिन्यातली मुंबई आणि पावसाळ्यातली मुंबई सारखीच दिसते, आणि ज्या फरकासाठी नकाशे काढले तोच गायब होतो.

एवढे करूनही बबल नकाशावर नागपूर आणि ठाणे किंवा नाशिक आणि नवी मुंबई अगदी सारखी आहेत की थोडी कमी-जास्त, हे नजरेने सांगता येत नाही. जवळजवळच्या दोन आकड्यांतला फरक वर्तुळात दिसत नाही. विक्री कुठे साचली आहे हे विचारले जात असेल तर नकाशा काढावा. कोणते शहर कितव्या क्रमांकावर, एवढेच विचारले जात असेल तर शहरांची नावे डावीकडे लिहून आडवा स्तंभालेख काढावा. त्यात मुंबई आणि ठाणे कधीच एकमेकांवर चढत नाहीत.